नखाबरोबर हाडही जाते

खानदेशातल्या घरांत मांजर पूर्वापार असते ते उंदरांसाठी. ज्वारी-तुरीच्या कोठ्या, माळ्यावरची पोती, गोठ्यातली ढेप हे सगळे सांभाळणारी मांजर घरची असली तरी घरात कोंडलेली नसते. ती कौलांवर फिरते, निंबाच्या झाडावर चढते आणि भूक लागली की ओट्यावर येऊन बसते. नंदुरबार, शहादा, नवापूरसारख्या गावांत आता फ्लॅट आणि बंदिस्त बंगले वाढत आहेत. तिथे लांब केसांची, विकत आणलेली, दिवसभर घरातच राहणारी मांजरही दिसते. तिच्याबरोबर सोफ्याचे ओरखडे येतात, पडद्यांचे सुटलेले धागे येतात, लहान मुलाच्या हातावरची लाल रेघ येते. मग पुण्या-मुंबईतला किंवा अमेरिकेतला एखादा नातेवाईक सांगतो, की नखे कायमची काढून टाकण्याचे ऑपरेशन असते. सांगणारा वाईट हेतूने सांगत नाही आणि ऐकणाराही निर्दयी नसतो. त्या ऑपरेशनमध्ये नेमके काय काढले जाते, हे मात्र दोघांनाही माहीत नसते. ते आधी माहीत झाले तर बहुतेक माणसे तिथेच थांबतील.

नखे कायमची काढणे म्हणजे मांजराच्या प्रत्येक बोटाचे शेवटचे हाड कापून टाकणे. त्यात नख कापले जात नाही आणि उपटलेही जात नाही. जाते ते बोटाचे टोक. आपल्या हाताच्या बोटांशी तुलना करायची तर नखाजवळचे शेवटचे पेर सांध्यातून वेगळे करावे, असे हे काम आहे. मांजराच्या पुढच्या प्रत्येक पायाला पाच बोटे असतात आणि मागच्या प्रत्येक पायाला चार. सहसा पुढच्या दोन पायांवरच ही शस्त्रक्रिया करतात. म्हणजे एका बेशुद्धीत दहा हाडे कापली जातात.

हाड का काढावे लागते, हे कळायला मांजराचे बोट जवळून पाहावे लागेल. माणसाचे नख बोटाच्या वरच्या बाजूला, त्वचेतून वाढते. ते मुळासकट निघाले तरी बोट शाबूत राहते. मांजराची रचना निराळी आहे. तिच्या बहुतेक बोटांत एकामागोमाग तीन हाडे असतात. शेवटचे हाड लहान आणि बाकदार असते. नख या हाडावरच टोपणासारखे घट्ट बसलेले असते. हाडाच्या मागच्या अंगाला एक उंच कडा असते आणि त्या कडेखालच्या खाचेत नख तयार करणाऱ्या जिवंत पेशी असतात. नख थांबवायचे तर या पेशी संपवाव्या लागतात आणि त्या हाडाला चिकटूनच असतात. हाड ठेवून नुसते नखाचे मूळ काढता येत नाही. म्हणून हाडच काढतात.

हे हाड नखाचा नुसता आधार नाही, तो हलणारा भाग आहे. मांजर निवांत बसलेली असते तेव्हा लवचीक बंध हे हाड मागे, वर ओढून धरतात. त्यामुळे नख लपते आणि चालताना जमिनीवर झिजत नाही. झेप घ्यायची असते तेव्हा पायाच्या मागच्या बाजूने येणारा एक दोरीसारखा स्नायुबंध ताणला जातो. तो या शेवटच्या हाडाच्या खालच्या बाजूला जोडलेला असतो. तो ओढला गेला की हाड पुढे वळते आणि नख बाहेर येते. सातपुड्यात, तळोदा-अक्कलकुव्याच्या रानात फिरणाऱ्या बिबट्याच्या पंजाची रचनाही मुळात हीच आहे. झाडावर चढणे, सावज धरणे आणि पुढचे पाय रोवून पाठ लांब ताणणे, हे सगळे या छोट्या हाडावर अवलंबून असते.

शस्त्रक्रियेची पद्धत तीन प्रकारची असते. एकात नखे कापण्याच्या कात्रीसारखे, पात्याचे कटर वापरून बोटाचे टोक एका दाबात कापतात. दुसऱ्यात चाकूने सांध्याभोवतीचे बंध एकेक करून सोडवतात आणि हाड अख्खे बाहेर काढतात. तिसऱ्यात हेच काम लेझरने करतात. मग जखम टाक्यांनी किंवा चिकटवणाऱ्या द्रावाने बंद करतात आणि बहुतेक वेळा पायांना पट्टी बांधतात. लेझरने रक्त कमी जाते आणि पहिल्या काही दिवसांत मांजर बरी चालते, पण ‘लेझरने केले तर काही होत नाही’ असे जे सांगितले जाते ते खरे नाही. हत्यार कोणतेही असो, शेवटी काढायचे असते ते हाडच.

गोंधळ होतो तो पहिल्या पद्धतीत अधिक. कटर थोडे पुढे लागले, तर हाडाचा मागचा तुकडा बोटातच राहतो. तोच तुकडा नख तयार करणाऱ्या पेशींचा असतो. मग काही महिन्यांनी, कधी वर्षांनी, त्वचेच्या आत वेडेवाकडे नख वाढू लागते. बोट सुजते, पू होतो, मांजर पाय चाटत राहते. कटर थोडे मागे लागले, तर बोटाखालची गादी कापली जाते. वरून पाहून यातले काही सहसा कळत नाही, कारण जखम भरलेली असते आणि केस उगवलेले असतात. आत हाडाचा तुकडा राहिला आहे का, हे एक्स-रे काढल्याशिवाय नक्की सांगता येत नाही.

हाड पूर्ण आणि नीट निघाले तरी पाय पूर्वीसारखा राहत नाही. मांजर टाचेवर चालत नाही, बोटांवर चालते. शेवटचे हाड गेले की त्याला जोडलेला स्नायुबंध सुटतो आणि मागे आखडतो. काही मांजरांत त्यामुळे बोटे आतल्या बाजूला वळलेली राहतात. वजन पूर्वी ज्या टोकांवर पेलले जात होते ती टोके नसतात, म्हणून मांजर भार पंजाच्या मोठ्या मधल्या गादीकडे, मनगटाकडे आणि मागच्या पायांकडे सरकवते. हे एका दिवसात दिसत नाही. पण वर्षानुवर्षे अशी चाल चालणाऱ्या प्राण्याच्या पाठीच्या कण्याला त्याची किंमत मोजावी लागू शकते.

या ऑपरेशनने मांजराचा स्वभावही बदलू शकतो. म्हणजे काय, ते आता पाहू. समजा, शहाद्यातल्या एका फ्लॅटमध्ये दोन वर्षांची मांजर आहे. तिच्या पुढच्या दहा बोटांची टोके काढली आहेत. ऑपरेशननंतर घरी आल्यावर ती तिच्या ट्रेमध्ये जाते. पूर्वी ती वाळू उकरायची, लघवी करायची, पुन्हा वाळू ओढून झाकायची. आता उकरताना प्रत्येक कण ताज्या जखमेवर घासतो. मांजराला ‘माझ्या पायाला जखम आहे’ असा विचार करता येत नाही. तिच्या मनात एवढेच पक्के होते, की या ट्रेमध्ये पाय ठेवला की दुखते. दोन-चार दिवसांत ती ट्रेच्या कडेवर दोन पाय ठेवून उभी राहू लागते. मग ट्रेपर्यंत जाते आणि परत फिरते. शेवटी तिला मऊ जागा सापडते, ती म्हणजे अंथरूण, धुवायच्या कपड्यांचा ढीग किंवा पायपुसणे. जखम भरून येते, पण ट्रेची भीती भरून येत नाही. बोटात हाडाचा तुकडा राहिला असेल किंवा कापलेल्या नसांचे दुखणे टिकून राहिले असेल, तर भीतीला रोज नवे कारण मिळते. घरच्यांना वाटते, मांजर हट्टी झाली आहे किंवा राग काढते आहे. खरे म्हणजे ती दुखण्यापासून दूर पळत असते.

दुसरा बदल चावण्याचा. मांजर भांडणापूर्वी बराच इशारा देते. कान मागे घेते, शेपटी आपटते, पंजा उगारते. नखांचा पंजा हा तिचा पुढचा इशारा असतो. त्याने माणूस किंवा कुत्रा मागे सरकतो आणि प्रकरण तिथेच मिटते. नखे गेली की हा इशारा निरुपयोगी होतो. पंजा मारला तरी समोरचा हटत नाही, हे ती लवकर शिकते. मग मधली पायरी गळते आणि ती थेट दातांवर येते. पाय दुखत असतील, तर तिचा सोसण्याचा पल्ला आणखी कमी होतो. पूर्वी उचलून घेतले तर निमूट बसणारी मांजर आता हात लागताच चावते. काही मांजरी उलट गप्प होतात. कपाटाखाली बसून राहतात, उंचावर उडी मारत नाहीत, अंगाचे केस चाटून आणि ओढून विरळ करतात. अशी मांजर शांत झाली असे घरच्यांना वाटते, पण ती शांतता दुखण्याची असू शकते.

मुलांना ओरखडे नकोत म्हणून नखे काढायची असतील, तर हा सौदा उलटा पडतो. ओरखडा सहसा वरवरचा असतो. मांजराचा दात सुईसारखा खोल जातो, वरून छोटेसे भोक दिसते आणि आत जंतू राहतात. आपल्या देशात रेबीजचा प्रश्न आहेच. रक्त न येणारा बारीक ओरखडा दुसऱ्या श्रेणीत धरतात आणि त्यालाही लस लागते. त्वचेच्या आत गेलेला चावा तिसऱ्या श्रेणीत येतो. तिथे लसीबरोबर रेबीजविरोधी इम्युनोग्लोब्युलिनही जखमेत टोचावे लागते. मांजर ओरबाडो की चावो, जखम लगेच साबण आणि वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटे धुऊन दवाखाना गाठायचा, हा नियम दोन्हींना सारखाच आहे. पण नखाच्या जागी दात आणून घर सुरक्षित होत नाही. प्रतिकारशक्ती कमी असलेल्या माणसांच्या घरातही, केवळ संसर्गाच्या भीतीने मांजराची नखे काढण्याचा सल्ला अमेरिकेची रोगनियंत्रण संस्था देत नाही.

ट्रे टाळणे, चावणे आणि पाठीचे दुखणे यांबद्दल हे नुसते तर्काने म्हटलेले नाही. अमेरिकेत मार्टेल-मोरान, सोलानो आणि टाउनसेंड या तिघांनी 274 मांजरी तपासल्या. त्यांतल्या 137 मांजरींची नखे काढलेली होती आणि 137 मांजरींची नखे शाबूत होती. मांजरींच्या वैद्यकावरील एका प्रतिष्ठित नियतकालिकात 2018 साली हा अभ्यास छापून आला. नखे काढलेल्या मांजरींत ट्रेबाहेर घाण करण्याची शक्यता सुमारे 7 पट, चावण्याची सुमारे साडेचार पट आणि पाठदुखीची जवळजवळ 3 पट निघाली. एक्स-रे काढल्यावर 137 पैकी 86 मांजरींच्या बोटांत हाडाचे तुकडे राहिलेले दिसले. म्हणजे शंभरातल्या त्रेसष्ट मांजरींचे ऑपरेशन मुळातच अपुरे झाले होते. ज्यांच्यात तुकडे होते त्यांच्यात पाठदुखी, घाण आणि आक्रमकपणा आणखी जास्त आढळला.

या आकड्यांचा अर्थ मोजूनमापून घ्यायला हवा. हा अभ्यास आधीच नखे काढलेल्या मांजरींचा आहे. कोणाची नखे काढायची हे संशोधकांनी ठरवलेले नव्हते. म्हणून एखाद्या मांजरीच्या प्रत्येक वाईट सवयीचे खापर ऑपरेशनवर फोडता येणार नाही. इथे ‘पट’ म्हणजे संख्याशास्त्रातले शक्यतेचे गुणोत्तर आहे. त्यावरून सात मांजरींपैकी सहा बिघडतात असे गणित मांडू नये. नखे काढलेल्या पुष्कळ मांजरी ट्रे वापरत राहतात आणि चावतही नाहीत. आधीच्या काही पाहण्यांत, विशेषतः मालकांना नुसते विचारून केलेल्या पाहण्यांत, फरक स्पष्ट दिसलाही नव्हता. तरी या अभ्यासातली एक गोष्ट बाजूला सारता येत नाही. ज्या मांजरींचे हाड पूर्ण आणि नीट काढलेले होते, त्यांच्यातही चावण्याची शक्यता सुमारे 3 पट आणि ट्रेबाहेर घाण करण्याची सुमारे 4 पट होती. चांगल्या सर्जनने केले तर नुकसान कमी होते, पण मिटत नाही.

जगाने यातून काय घेतले, तेही पाहण्यासारखे आहे. युरोपच्या पाळीव प्राणीविषयक करारात 1987 सालीच, औषधोपचाराचे कारण नसताना नखे काढण्याला मनाई लिहिली गेली. अमेरिकेत मात्र ही शस्त्रक्रिया अनेक दशके नसबंदीबरोबरच उरकली जाई. घर भाड्याने देताना ‘मांजर चालेल, पण नखे काढलेली हवी’ अशी अट घालणारे घरमालकही होते. कॅलिफोर्नियाने 2012 साली कायदा करून अशी अट घालण्याला बंदी केली. न्यूयॉर्क हे 2019 साली नखे काढण्यावर राज्यभर बंदी घालणारे अमेरिकेतले पहिले राज्य ठरले. मेरीलँडने 2022 साली तेच केले. आपली जी मराठी कुटुंबे तिकडे राहतात, त्यांना यापुढे हा सल्ला तिथल्या दवाखान्यातून मिळण्याची शक्यता कमी होत जाणार आहे. जे तिकडे मागे पडत चालले आहे, ते इकडे नवी सोय म्हणून येऊ नये.

भारतात ‘नखे काढणे’ असा शब्द कायद्यात लिहिलेला नाही. पण 1960 च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याचे कलम 11 प्राण्याला विद्रूप करणे, म्हणजे त्याचा अवयव तोडून त्याला पंगू करणे, हा गुन्हा मानते. त्याच कलमात काही अपवाद आहेत. गुरांची शिंगे काढणे, खच्चीकरण, डाग देणे आणि वेसण घालणे, ही कामे ठरवून दिलेल्या पद्धतीने केली तर चालतात. या यादीत मांजराची बोटे नाहीत. सोफा वाचावा म्हणून निरोगी प्राण्याची दहा हाडे काढणे या कलमाच्या अर्थाने विद्रूपीकरणच आहे, असे आमचे मत आहे. पहिल्या गुन्ह्याला या कायद्यातला दंड 10 ते 50 रुपये आहे. त्याने कोणालाही धाक बसणार नाही. 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम 325 मध्ये प्राण्याला मारणे किंवा पंगू करणे यासाठी पाच वर्षांपर्यंत कैदेची तरतूद आहे. तरीही हे प्रकरण पोलिस ठाण्यापर्यंत जाण्याआधी दवाखान्याच्या टेबलावरच थांबायला हवे.

औषधोपचार म्हणून बोट काढावे लागते, ती गोष्ट वेगळी. नखाच्या मुळाशी गाठ झाली, हाडात जंतुसंसर्ग मुरला, दारात किंवा गाडीखाली बोट चिरडले, तर ते एक बोट काढणे हाच उपाय असू शकतो. तिथे दुखणे थांबवण्यासाठी हाड काढले जाते. निरोगी दहा बोटांबाबत असे काही कारण नसते.

मग सोफ्याचे काय करायचे? त्याचे उत्तर मांजर का ओरबाडते यात आहे. ओरबाडताना नखाचे जुने, बाहेरचे कवच गळून पडते आणि खालचे नवे टोक मोकळे होते. पंजातल्या ग्रंथींचा वास त्या जागी लागतो, ती तिची खूण असते. झोपेतून उठल्यावर अंग ताणायचीही ही तिची पद्धत आहे. म्हणून तिला ओरबाडू न देणे शक्य नाही, पण कुठे ओरबाडायचे ते आपण ठरवू शकतो. सुताराकडून तीन फूट किंवा त्याहून उंच लाकडी खांब रुंद फळीवर पक्का बसवून घ्यावा आणि त्याला काथ्याची किंवा घायपाताच्या दोरीची घट्ट गुंडाळी मारावी. उंची कमी असेल तर मांजराला पूर्ण ताणता येत नाही. खांब हलला तर ती घाबरते आणि पुन्हा सोफ्याकडे जाते. खांब कोपऱ्यात लपवू नये. जिथे ती आत्ता ओरबाडते तिथेच, किंवा तिच्या झोपायच्या जागेजवळ ठेवावा. काही मांजरींना आडवे ओरबाडायला आवडते, त्यांच्यासाठी जमिनीवर गोणपाटाची जाड पट्टी पुरते. खांब वापरला की लगेच खाऊ द्यावा आणि सोफ्यावर ओरबाडले तर मारू नये. मारल्याने ती ओरबाडणे सोडत नाही, माणसाला घाबरते.

दुसरे काम नखांची टोके कापण्याचे. दर दोन-तीन आठवड्यांनी हे घरी करता येते. मांजर पेंगुळलेली असताना मांडीवर घ्यावी. बोट वरून आणि खालून हलके दाबले की नख बाहेर येते. त्यात आत गुलाबी भाग दिसतो, तिथे रक्त आणि नस असते. त्याच्या पुढचे पारदर्शक, बाकदार टोक तेवढे कापावे. एका वेळी दोनच नखे झाली तरी चालते, उरलेली उद्या. नख काळपट असेल आणि गुलाबी भाग दिसत नसेल, तर पहिल्यांदा पशुवैद्याकडून शिकून घ्यावे. जी मांजर घराबाहेर फिरते तिची टोके मात्र कापू नयेत. गल्लीतले कुत्रे मागे लागले तर झाडावर चढणे हाच तिचा बचाव असतो. नखे कायमची काढलेल्या मांजरीला तो बचाव उरत नाही. घराचे दार एकदा चुकून उघडे राहिले, की खाली काय होईल हे सांगायला नको.

नंदुरबार जिल्ह्यातल्या पशुवैद्यांना आमची विनंती आहे, की कोणी नखे काढायला सांगितले तर नुसते ‘इथे होत नाही’ म्हणून परत पाठवू नये. कारण तो माणूस सुरतेला किंवा नाशिकला जाऊन पुन्हा विचारेल. हाड कापावे लागते हे त्याला बोट दाखवून समजावून सांगावे आणि टोके कशी कापायची ते त्याच्या समोर करून दाखवावे. जे कोणी मांजर घरी आणण्याचा विचार करत आहेत त्यांना एवढेच सांगायचे आहे, की नखे मांजराबरोबरच येतात. ती सोसवणार नसतील तर मांजर आणू नये. आणली असेल तर तिला ओरबाडायला खांब द्यावा आणि तिची बोटे शाबूत राहू द्यावीत.